त्याच्या तोंडात पाणी कोणी घातले?



कीर्तनात एक सोय असते. कथेत थोडे आपले घातले तरी श्रोता रागावत नाही. वीररस रंगवावा, करुणरस रंगवावा, लोक डोळे पुसत घरी जातात. पण या सोयीची सवय जिभेला लागली की ती कीर्तनाबाहेरही काम करते. माझ्याकडून असे एकदा घडले. ते सांगावे म्हणून आज लिहायला बसलो आहे.

१९७१ चे युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला संपले. वडनेर भोलजीजवळच्या एका खेड्यातला एक जवान पश्चिमेच्या आघाडीवर कामी आला. त्याचे नाव लिहीत नाही, कारण घर अजून नांदते आहे. आधी तार आली. तारेत काय असते? नंबर, नाव, हुद्दा आणि एक ओळ. आज तिरंग्यात गुंडाळलेले पार्थिव दारी येते. तशी सर्रास पद्धत कारगिलच्या युद्धात, म्हणजे १९९९ मध्ये सुरू झाली. त्याआधी बहुधा आघाडीजवळच अग्नी देत, आणि घरी येई ती त्याची ट्रंक आणि एक पत्र. मुलगा कसा गेला हे आईबापांना कळण्याचा मार्ग म्हणजे ते पत्र. म्हणून त्यात काय लिहिले आणि काय वाचून दाखवले, याला फार वजन होते.

ते पत्र पलटणीच्या कमांडिंग ऑफिसरचे होते. वर पलटणीचे चिन्ह, पत्त्यात गावाऐवजी ५६ ए.पी.ओ., मजकूर टाइप केलेला. आरंभीचे संबोधन आणि शेवटचे दोन शब्द मात्र साहेबांनी स्वतःच्या हाताने शाईने लिहिले होते. असल्या अर्धशासकीय पत्राची रीतच तशी आहे. जे हुकमाने जाते ते टाइप होते, जे माणूस म्हणून जाते ते हाताने लिहावे लागते.

पत्र इंग्रजीत. आईबाप निरक्षर. मी तेव्हा विशीत, नुकताच कीर्तनाला उभा राहू लागलो होतो. शाळेतले गुरुजी आणि मी, असे दोघे गेलो. गुरुजींनी ओट्यावर पत्र वाचून मला मराठीत अर्थ सांगितला आणि म्हणाले, "आत तू सांग. तुला बोलता येतं. पण जसं आहे तसं सांग."

पत्रात असे होते. पहाटेच्या हल्ल्यात त्याच्या पोटात गोळी लागली. पोटाची जखम असली की पाणी पाजायचे नसते, ते जवानांना शिकवलेले असते. त्याने पाणी मागितले. त्याच्या तुकडीतल्या एका जवानाने ओल्या फडक्याने त्याचे ओठ भिजवले आणि त्याचे डोके मांडीवर घेतले. उपचार केंद्राकडे नेताना, सुमारे दोन तासांनी, तो गेला. शेवटपर्यंत तो जवान त्याच्याजवळ होता. हे मी त्या जवानाच्या तोंडून ऐकून लिहीत आहे, असे साहेबांनी स्वच्छ लिहिले होते. आणखी काही विचारायचे असेल तर मला लिहा, असे शेवटी होते.

मी आत गेलो. आई भिंतीला टेकून बसली होती, बाप खाली बघत होता. दोन तास हे शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मी म्हणालो, गोळी लागली आणि तो क्षणात गेला. त्याला काही कळलेसुद्धा नाही. मुखात विठ्ठलाचे नाव होते. आई रडली, बापाने हात जोडले. ओट्यावर गुरुजी माझ्याकडे बघत राहिले, पण बोलले नाहीत. मला वाटले, मी पुण्य केले.

त्या घराशी पुढे माझा संबंध राहिला. त्या माउलीचा एक नेम होता. दर एकादशीला ती तुळशीपाशी एक तांब्या पाणी वेगळे ठेवी आणि संध्याकाळी अंगणाबाहेर ओती. मी ते भक्तीचे समजत होतो. बाप १९८४ साली गेला.

१९९६ साली तिच्या धाकट्या मुलाची मुलगी कॉलेजात जाऊ लागली. तिने ट्रंकेतले पत्र काढले आणि आजीला अर्थ सांगितला. म्हातारीने मला बोलावून घेतले. मी पायरीवर बसलो. ती म्हणाली, "महाराज, त्यानं पाणी मांगतलं व्हतं?"

मी मान हलवली.

"अन् त्या पोरानं त्याचे ओठ ओले केले?"

"हो."

"मंग तुमी तवा हे काहून नाही सांगतलं? पंचवीस वर्सं मी म्हंते, माहा लेक कोरड्या तोंडानं गेला. कोनी घोटभर पानी देलं नाही त्याले. त्याच्या बापानंबी हेच मनात घेऊन डोये मिटले."

आपल्याकडे जाणाऱ्याच्या तोंडात पाणी आणि तुळशीपत्र घालतात. ते कोणी घातले हे घर पिढ्यानपिढ्या लक्षात ठेवते. क्षणात गेला असे मी सांगितले, म्हणजे त्या आईच्या हिशेबी तो कोणाच्या मांडीवर गेला नाही आणि त्याला पाणी मिळाले नाही. मी त्याच्या वेदनेचे दोन तास झाकले खरे, पण त्याच दोन तासांत त्याचा सोबती होता, ओले फडके होते. वेदना काढून घेताना मी ती सोबतही काढून घेतली. तो तांब्या कशासाठी होता, हे मला त्या दिवशी कळले.

माउली, आता प्रश्न असा की दुःखी माणसाला दिलासा देण्यासाठी खोटे बोलावे का? मी पुढे बराच काळ या प्रश्नाशी बसलो, आणि मला उत्तर महाभारतात सापडले. आश्वमेधिक पर्वात प्रसंग आहे. युद्ध संपवून श्रीकृष्ण द्वारकेला आले. वसुदेवांनी विचारले, युद्ध कसे झाले ते सांग. भगवंतांनी भीष्मांपासून शेवटपर्यंत सगळे सांगितले, पण अभिमन्यूचा वध गाळला. म्हाताऱ्या आजोबाला तो आघात सोसणार नाही, म्हणून. तेव्हा सुभद्रा उठली आणि म्हणाली, माझ्या मुलाचे सांग, आणि कोसळली. वसुदेवही कोसळले. सावध झाल्यावर त्यांनी कृष्णाला विचारले, तू सत्यवादी म्हणवतोस, मग मला हे का सांगितले नाहीस? आणि पुढचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. तो कसा मेला? पाठ दाखवून तर नाही ना? त्याच्या तोंडावर भीती तर नव्हती ना?

तेव्हा भगवंतांनी सांगितले. त्याने पाठ दाखवली नाही. एकेकट्याला तो जिंकता येत नव्हता, म्हणून अनेकांनी मिळून त्याला घेरले, आणि तो थकलेला असताना दुःशासनाच्या मुलाने त्याला मारले. हे ऐकल्यावर वसुदेवांनी शोक आवरला आणि नातवाचे श्राद्ध केले. क्रम लक्षात घ्या. गाळले तोवर श्राद्ध नाही, सांगितले तेव्हा श्राद्ध. प्रत्यक्ष भगवंताने प्रेमापोटी गाळलेलेसुद्धा घरातल्या आईने पुरे होऊ दिले नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सगळेच सांगावे काय? नाही. त्या साहेबांनीही सगळे लिहिले नव्हते. जखम कशी दिसत होती, शरीराचे काय झाले होते, यातले अक्षर पत्रात नव्हते. न सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे. न सांगितलेले पुढे विचारता येते, म्हणून तर त्यांनी "मला लिहा" असे शेवटी घातले. खोटे सांगितलेल्या जागी विचारायला काही उरत नाही. वसुदेव विचारू शकले, कारण तिथे पोकळी होती. माझ्या म्हातारीला विचारताच आले नाही, कारण मी ती पोकळी भरून टाकली होती. प्रिय पण असत्य बोलू नये, हे मनुवचनाचे टोक आपण सुभाषित म्हणताना नेमके विसरतो.

मोघम सांगण्याचेही मोल द्यावे लागते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झाले. नानासाहेब पेशव्यांना बातमी मिळाली ती सावकाराच्या सांकेतिक पत्रातून, मोती आणि मोहरांच्या भाषेत. मुलगा विश्वासराव गेला हे बापाला उमगले. पण सदाशिवरावभाऊ नक्की कसे पडले, याची खात्री घरच्यांना पटेल अशी मिळाली नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य मानले नाही. पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला, लोक त्याच्यामागे गेले, आणि १७७६ साली त्याला देहदंड होईपर्यंत ते प्रकरण धुमसत राहिले. ज्याचा शेवट स्पष्ट सांगितला जात नाही, त्याची वाट बघणे थांबत नाही.

आता काळ बदलला. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात राखीव पोलीस दलाचे ४० जवान गेले, त्यांत आपल्या जिल्ह्यातले मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांग्र्याचे नितीन राठोड होते. असल्या बातम्या आता मोबाइलवर पत्राच्या कितीतरी आधी येतात. म्हणजे मृत्यू कळवणे हे पत्राचे काम उरले नाही. उरले ते एवढेच, की तिथे जे कोणी होते त्यांनी काय पाहिले ते सांगणे. शूर होता, देशासाठी गेला, हे भाषणात सगळेच बोलतात. शेवटच्या वेळी त्याच्याजवळ कोण होते, तो काय बोलला, हे त्याच्या पलटणीखेरीज कोणी सांगू शकत नाही. असे पत्र कोणाच्या घरी आले आणि ते वाचून दाखवायची वेळ तुमच्यावर आली, तर पत्र जेवढे आहे तेवढेच वाचा. आवाज कापला तर थांबा, पण शब्द बदलू नका. आणि सही खाली पत्ता असेल तर आईबापांना सांगा, की तिथे विचारता येते.

मी त्या दिवशी पायरीवरून उठून तिच्या पायांवर डोके ठेवले. ती काही बोलली नाही. पुढच्या एकादशीला मी मुद्दाम गेलो. तांब्या तुळशीपाशी होता. संध्याकाळी तिने तो अंगणाबाहेर ओतला नाही. नातीला हाक मारून म्हणाली, "त्या पोराचं नाव कागदात आहे का पाह्य बरं." नाव होते. तिने त्या नावाने पाणी तुळशीला घातले.

रामकृष्ण हरी.