न येणाऱ्याला पद का शिकवायचं?



दत्तजन्म मार्गशीर्ष पौर्णिमेच्या सांजवेळी होतो आणि नेमका तोच काळ ऊसतोडीच्या भराचा. आपल्या केज तालुक्यातली कितीतरी घरं दसरा-दिवाळी झाली की कुलूप लावून कारखान्यांच्या वाटेला लागतात. मंडळातल्या काहींची लेकरं पुण्याला नोकरीला, तर नातवंडं सांभाळायला आजी-आजोबाही तिकडेच. सगळे एका सतरंजीवर बसलेत असं चित्र वर्षातून थोडेच दिवस दिसतं. तेव्हा यंदाचं नवं पद फोनवरून बसवायचं ठरलं, आणि पेटी माझ्याकडे असल्यामुळे शिकवणंही माझ्याकडे आलं. त्यावर मंडळातल्या एका ज्येष्ठांनी सरळ विचारलं, "जे येतील त्यांना शिकवा. जो जयंतीला फडावरच असणार, त्याला शिकवून काय उपयोग?"

प्रश्न रोखठोक आहे आणि वाईट हेतूने विचारलेला नाही. त्याचं उत्तर द्यायचं तर आधी फोनवरून पद शिकवताना नेमकं काय होतं ते सांगावं लागेल.

अख्खं पद एकदम पाठवलं की लोक ऐकतात, हात जोडल्याचं चित्र पाठवतात आणि संपलं. म्हणून मी एका क्लिपमध्ये एकच ओळ पाठवतो. ती ओळ आधी नुसती बोलून, मग पेटीवर गाऊन, आणि तिसऱ्या वेळी मी गप्प. फक्त टाळ चालू. ती मोकळी जागा शिकणाऱ्याची. मग त्याने आपल्या आवाजात ती ओळ मला परत पाठवायची. ऐकलेल्या क्लिपवरचा माइक निळा होतो खरा, पण त्या निळ्या माइकवरून कान उघडे होते का हे कळत नाही. पोरं तर दुप्पट वेगाने ऐकतात.

ध्रुपद आणि अंतरे असे ओळीओळीने परत आले की मग सरावाचे ट्रॅक पाठवायचे. एक माझ्या आवाजासह, दुसरा नुसत्या पेटी-टाळाचा. हा दुसरा मी मुद्दाम उशिरा देतो. आवाजासह असलेल्या ट्रॅकवर माणूस त्या आवाजाला टेकून चालतो आणि त्याला वाटतं, आपल्याला आलं. आवाज काढून घेतला की दुसऱ्याच आवर्तनात खरं काय ते कळतं.

अडचणी बारीक असतात. एक मावशी रात्री नातू झोपल्यावर रियाज करतात. हळू म्हणायचं म्हणून सूर खाली घेतात आणि मग तोच सूर अंगवळणी पडतो. देवळात पेटीच्या पट्टीत अंतरा आला की आवाज वर पोचत नाही. त्यांना मी चूक सांगितली नाही, वेळ बदलायला सांगितली. दुपारी, घरात कोणी नसताना, मोकळ्या गळ्याने. आणि सांगितलं ते त्यांना एकटीला. ग्रुपवर सगळ्यांदेखत दुरुस्ती केली तर माणूस दुसऱ्या दिवसापासून क्लिप पाठवायचं बंद करतो, आणि ज्याचा आवाज परत येत नाही त्याला शिकवता येत नाही.

आता फडावरच्या गड्याची गोष्ट. तो आमचा टाळकरी. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता, मुक्काम कोपीत. दिवसभर तोड, रात्री-अपरात्री गाडी भरायची. त्याची क्लिप पहाटे तीनला यायची, मागे ट्रॅक्टरचा आवाज. फोनवर व्हॉइस नोट भरताना त्याच फोनवरचा ट्रॅक थांबतो, म्हणून तो शेजारच्या कोपीतला फोन मागून घ्यायचा. एकावर ट्रॅक लावायचा आणि दुसऱ्यावर आवाज भरायचा.

आपलं पद ८ मात्रांच्या भजनी ठेक्यात आहे. ओळ समेवर सुरू होत नाही. पाचव्या मात्रेवर उचलायची, म्हणजे देवाचं नाव बरोबर समेवर पडतं. ओळ दुसऱ्या मात्रेवर संपते. तिसरी आणि चौथी रिकामी. त्याच्या क्लिपमध्ये नाव समेच्या मागून येत होतं. मांडीवर धरलेला त्याचा ताल ऐकू येत होता आणि तो पक्का होता, त्यामुळे खोट तालात नव्हती. चार वेळा ऐकल्यावर उमगलं. थकलेला माणूस, दम पुरत नाही, म्हणून तो बरोबर नावाच्या आधी श्वास घेत होता. तेवढ्यात सम निघून जायची. मग उशीर भरून काढायला पुढच्या दोन रिकाम्या मात्रा तो खाऊन टाकायचा.

मी त्याला एवढंच पाठवलं की त्या दोन मात्रा रिकाम्या नाहीत, त्या श्वासाच्या आहेत. तिथे पोटभर दम भर आणि पाचवीवर ऊठ. दोन दिवसांनी नाव समेवर आलं.

मग मी बाकीच्यांच्या क्लिपा त्या कानाने पुन्हा ऐकल्या. केजातल्या, पुण्यातल्या, धडधाकट पाच जणांचं तसंच होत होतं. फक्त त्यांच्या दमात ते झाकून जात होतं. देवळात वीस आवाज एकत्र आले असते तर पद कुठे ढिलं पडतंय ते कोणालाच सापडलं नसतं. आता ट्रॅकमध्ये त्या जागी मी श्वास ऐकू येईल असा घेतो आणि सगळे तिथेच दम भरतात.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. पृथ्वी, वारा, अजगर, बाण घडवणारा कारागीर. यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की आपण कोणाचे गुरू आहोत. त्या हिशेबाने फोनमधला आवाजही गुरू व्हायला हरकत नाही, असं कोणी म्हणेल. मला ते अर्धंच पटतं. अवधूत पाहून शिकला, पण गाणाऱ्याला आपली सम चुकलेली स्वतःला ऐकू येत नाही. तिथे ऐकणारा दुसरा कान लागतोच. म्हणून या सगळ्या कामात पाठवण्याला मी कमी लेखतो. शिकवणं परत आलेल्या क्लिपा ऐकण्यात होतं.

अंबाजोगाई इथून जवळच. दत्तभक्त दासोपंतांनी तिथे पंचीकरण कापडावर लिहिलं, ती पासोडी चारशे वर्षं टिकली. शब्द कापडावर राहतात. चाल मात्र कोणाच्या तरी गळ्यातच राहते, आणि तो गळा कुठल्या गावी आहे याला महत्त्व नाही.

तेव्हा ज्येष्ठांना माझं उत्तर असं, की तो जयंतीला नसला तरी पदात आहे. आपण सगळे जिथे श्वास घेतो ती जागा त्याच्यामुळे सापडली. त्यांना हे सगळं पटलेलं नाही. ते म्हणतात, "देवाच्या कानावर त्याचा आवाज कुठे जाणार?" यावर माझ्याकडे तोड नाही.

जन्माच्या वेळी पेटीजवळ फोन चालू ठेवायचं ठरलंय. पण फोनवर आवाज थोडा मागून पोचतो. आपलं गाणं त्याला उशिरा ऐकू येणार, त्यावर तो गाणार, आणि त्याचा आवाज आणखी उशिरा आपल्याकडे येणार. स्पीकर चालू ठेवला तर सगळं मंडळ त्याच्या मागे ओढलं जाईल. म्हणून आपल्या बाजूचा आवाज बंद ठेवावा लागेल. तो आपल्याला ऐकेल, आपण त्याला ऐकणार नाही. मी त्याला हे स्पष्ट सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी पहाटे क्लिप पाठवली. तिसरा अंतरा होता, आणि शेवटी विचारलं होतं की ध्रुपद दोनदा घ्यायचं का तीनदा.