पान उलटेपर्यंत

गेल्या पावसाळ्यात मी एका इंग्रजी चित्रपुस्तकाचं मराठी करत होते. पानं 32, आणि शब्द सगळे मिळून तीनशेच्या आत. दोन दिवसांचं काम, असं धरून बसले. एका वाक्यातच आठवडा गेला. अडलं होतं ते शब्दापाशी नव्हे, एका जुन्याच प्रश्नापाशी. प्रामाणिक राहायचं, ते नेमकं कशाशी?

गोष्ट साधी आहे. भर दुपारी आजीच्या अंधाऱ्या कोठीत खुडबुड होते. भिंतीवर लांबच लांब सावली पडलेली. छोटीला वाटतं, राक्षसच आला! उजव्या पानावर वाक्य अर्धवट थांबतं, डब्यामागे कोण आहे ते सांगत नाही. पान उलटलं की एकच शब्द आणि पानभर चित्र: खार.

मी आधी सरळ लिहिलं, ‘डब्यामागे एक खार लपून बसली होती.’ अर्थ अचूक. पण मराठीत कर्ता आधी येतो आणि क्रियापद शेवटी, त्यामुळे खार उजव्या पानावरच बाहेर पडली. मग वाक्य मधे तोडलं. ‘डब्यामागे’ अलीकडे, बाकीचं पलीकडे. गुपित राहिलं, पण खार दिसल्यावर ‘लपून बसली होती’ ऐकायला थांबतंय कोण? मूल तोवर चित्रात शिरलेलं असतं.

बोलताना आपण शब्द पुढेमागे करतोच. म्हणून लिहिलं, ‘डब्यामागे लपून बसली होती…’ आणि पलीकडे, ‘खार!’ हे मला पसंत पडलं. धाकट्या जावेच्या पाच वर्षांच्या नातवाला वाचून दाखवलं. पान माझ्या बोटातच होतं आणि तो म्हणाला, “आजी, राक्षस नाहीये. तू ‘बसली’ म्हणालीस ना!”

मी थक्क झाले. इंग्रजी ‘वॉज’ला लिंग नाही, म्हणून तिथे राक्षस शेवटपर्यंत जिवंत राहतो. आपलं क्रियापद चुगली करतं. हैदराबादेत वाढलेल्या त्या पोराला हे दोन भाषांतून कळत असावं. तेलुगूतही पुरुषाला ‘उन्नाडु’, आणि बाई, प्राणी, वस्तू या सगळ्यांना मिळून एकच ‘उंदि’.

उपाय नपुसकलिंगात होता. ‘डब्यामागे कोण बरं बसलं होतं?’ ‘बसलं’मध्ये राक्षसही मावतो, खारही. पण मूळ लेखिकेने प्रश्न विचारलेलाच नव्हता. प्रश्न आला की मूल उत्तर द्यायला लागतं, आणि मास्तर-विद्यार्थ्याचा खेळ सुरू होतो. तिला हवी होती ती शांतता. शेवटी ठरलं, ‘डब्यामागे लपून बसलं होतं कोणीतरी…’ पान. ‘खार!’

यातही थोडं सांडलंच. ‘कोणीतरी’ म्हटलं की ते जिवंत आहे एवढं कळतं. पण खुडबुड आधी ऐकू आली होती, तेव्हा तेवढं मुलाला ठाऊकच होतं. त्या खुडबुडीचंही असंच झालं. आधी मी ‘कुरूम कुरूम’ लिहिलं होतं. कानाला गोड, पण त्यातून दाणे खाणारं काहीतरी लगेच डोळ्यांपुढे येतं. ‘खुडबुड खुडबुड’ कुणाचीही असू शकते. आणि छापतानाही ‘बसलं होतं’च ठेवा, ‘बसले होते’ नको, असा मी हट्ट धरला. मोठ्याने वाचणारा जे दिसतं तेच वाचतो, आणि ‘होते’ म्हटलं की डब्यामागे एकाचे चार झाल्यासारखं वाटतं.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप एका खारीसाठी? मला मॉरिस सेंडाकचं 1963 सालचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ आठवतं. रागावून दूर गेलेला मुलगा खोलीत परततो, तिथे त्याचं जेवण ठेवलेलं असतं. पान उलटल्यावर चित्र नाही. ते जेवण अजून गरम आहे, एवढीच बातमी. आईची माया त्या शेवटच्या पानावर आहे. मराठीत विशेषण नामाच्या आधी येतं, त्यामुळे हात ‘गरमागरम जेवण’ लिहायला धावतो. तसं लिहिलं तर शब्द एकही हरवणार नाही, आणि शेवटच्या पानाला सांगायला काही उरणार नाही.

पूर्वी मला वाटायचं, भाषांतरात शब्द मागेपुढे करणं ही लहानशी लबाडी आहे. आता वाटतं, लेखिकेने मुलाला एक वचन दिलेलं असतं: थांब, दाखवते. मी सगळे शब्द जपले आणि ते थांबणं मोडलं, तर तिचं बोलणं तेवढं राखलं, वचन नाही.

छापून आलेलं पुस्तक नातवाला दिलं. गोष्ट त्याला पाठ होती. तरी ‘कोणीतरी’पाशी त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “आजी, थांब. अजून उलटू नको.”