चाकाची गणती, रस्त्याची लांबी

थोडं स्वस्थ बसा आणि मनात फक्त एक चाक आणा. त्यावरचा टायर नवा आहे, बाजूला 185/65 R15 असं उमटवलेलं आहे. व्यास साधारण 62 सेंटिमीटर. नक्षी ताजी, खाचा 8 मिलिमीटर खोल.

आता टायर जमिनीला टेकतो तिथे खडूने रेघ ओढा, टायरवर आणि खाली जमिनीवरही. गाडी हळूहळू पुढे ढकला. टायरवरची रेघ वर जाते, पुढून खाली येते आणि पुन्हा जमिनीला टेकते. तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे चाकाचा एक फेरा: सुमारे 1.95 मीटर. गाडीच्या वजनाने टायर थोडा दबतो, म्हणून टेपने मोजलं तर आकडा किंचित कमी भरेल. आपण हिशेबासाठी 1.95 धरू.

एका किलोमीटरला असे साधारण 512 फेरे लागतात. या आकड्यावर क्षणभर थांबा, कारण स्पीडोमीटरचं सगळं काम त्याच्यावर उभं आहे. मीटरला रस्ता दिसत नाही. गिअरबॉक्सपाशी किंवा चाकापाशी बसवलेला सेन्सर फक्त फिरणं मोजतो. एका फेऱ्यात किती अंतर कापलं जातं, हे कारखान्यात एकदा ठरवून दिलेलं असतं. फेरे गुणिले ते अंतर, एवढाच त्याचा हिशेब.

आता त्याच टायरवरून बरेच महिने जाऊ द्या. नक्षी झिजत झिजत खाचांच्या तळाशी असलेल्या छोट्या उंचवट्यांना येऊन भिडली आहे. म्हणजे खोली 1.6 मिलिमीटर उरली आणि त्रिज्या 6.4 मिलिमीटरने घटली. पुन्हा खडूची रेघ ओढा, पुन्हा एक फेरा ढकला. दुसरी खूण आता सुमारे 4 सेंटिमीटर अलीकडे पडते. परीघ त्रिज्येच्या सव्वासहा पटींहून थोडा जास्त असतो, म्हणून त्रिज्येतली एवढीशी घट फेऱ्यात 4 सेंटिमीटर होऊन दिसते. फेरा आता 1.91 मीटरचा झाला. एका किलोमीटरला 512 ऐवजी 523 फेरे लागतात.

शेताची लांबी पावलांनी मोजणाऱ्या माणसाचं पाऊल आखूड झालं आणि त्याला ते कळलंच नाही, तर त्याच्या मोजणीत शेत मोठं होतं. मीटरचं तसंच होतं. गणती अचूक असते, पण प्रत्येक फेऱ्याला तो जुनंच अंतर लावतो. म्हणून झिजलेल्या टायरवर काटा 100 दाखवतो तेव्हा गाडी ताशी साधारण 98 किलोमीटरने चाललेली असते. फरक दोन टक्क्यांचा, आणि दिशा नेहमी एकच: मीटर जास्त दाखवतो, गाडी कमी धावते.

हा दोन टक्क्यांचा फरक एका दिवसात येत नाही. झीज सारखी होत गेली, तर टायरच्या आयुष्यभरातली सरासरी चूक एक टक्क्याच्या आसपास राहते. मीटरवर 40,000 किलोमीटरचं रनिंग दिसलं, तर गाडी प्रत्यक्षात सुमारे 39,600 धावली. अॅव्हरेजही फसवतं. घासलेल्या टायरवर लिटरला 18 किलोमीटर निघालं, तर खरा आकडा 17.6 च्या जवळ असतो.

ही चूक आपल्या गाडीत किती, हे पाहायचं असेल तर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांचा उपयोग करा. एखादाच दगड जागेवरून हललेला असू शकतो, म्हणून वीस किलोमीटरचा सलग टप्पा घ्या. झिजलेल्या टायरवर मीटर 20.4 च्या आसपास दाखवील. वेगाच्या काट्यातला फरक मात्र सगळाच टायरच्या माथी मारू नका. आंतरराष्ट्रीय नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, म्हणून तो मुळातच थोडा पुढे ठेवलेला असतो. झिजेचा वाटा वेगळा काढायचा तर नव्या टायरवरचं आणि जुन्या टायरवरचं, अशी एकाच टप्प्याची दोन मापं शेजारी मांडावी लागतात. आणि मोटारसायकलच्या मीटरची केबल पुढच्या चाकाला जोडलेली असेल, तर मागचा टायर कितीही घासला तरी काट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

आता मनातल्या चाकावर नवा टायर चढवा. फेरा पुन्हा 1.95 मीटरचा झाला. मीटरमध्ये कोणी हात घातलेला नाही, सवयीने तुम्ही काटा 100 वरच ठेवाल. पण गाडी आता कालच्यापेक्षा ताशी दोन किलोमीटर जास्त वेगाने धावत असेल.