मधल्या अर्ध्या मिनिटात

कंडोम कसा वापरायचा हे शिकवताना तो लाकडी नमुन्यावर चढवून दाखवतात. पाकीट कडेने फाडायचं, टोक चिमटीत धरून हवा काढायची, गुंडाळी मुळापर्यंत उलगडायची. शिकवणं चुकीचं नसतं, पण लाकूड नेहमीच ताठ असतं. माणसाची ताठरता मात्र चालू असलेल्या स्पर्शावर आणि मनाच्या निश्चिंतीवर टिकते, आणि कंडोम चढवण्याच्या अर्ध्या मिनिटात नेमक्या या दोन्ही गोष्टी सुटतात. ही अडचण अनेक पुरुषांना येते आणि बहुतेकजण ती कुणाला सांगत नाहीत. ज्याला त्याला वाटतं की दोष आपल्या पुरुषत्वात आहे. माझं म्हणणं असं की बहुतेक वेळा दोष त्या अर्ध्या मिनिटाच्या मांडणीत असतो, आणि मांडणी बदलता येते.

शरीरात काय घडतं ते आधी पाहू. उत्तेजना आली की लिंगातल्या रोहिण्या सैलावतात, स्पंजासारख्या ऊतींमध्ये रक्त भरतं आणि त्या दाबाने रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा मिटतात. स्पर्श थांबला की हा दाब हळूहळू उतरू लागतो. एवढं स्वाभाविकच आहे आणि स्पर्श पुन्हा सुरू झाला तर ताठरता परतते. पण त्याच क्षणी मनात ‘गेलं वाटतं’ अशी धास्ती उठली, तर अ‍ॅड्रेनलिन वाढतं, त्या ऊतींचे स्नायू आकसतात आणि रक्त झपाट्याने मागे फिरतं. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७०च्या सुमारास अशा मनःस्थितीचं वर्णन केलं होतं: माणूस सुख अनुभवायचं सोडून स्वतःकडे प्रेक्षकासारखा बघू लागतो. कंडोम हातात घेतल्यावर बघावंच लागतं, म्हणून हा धोका तिथे सर्वात जास्त.

समजा, एकोणतीस वर्षांचा एक तरुण आहे, लग्नाला चार महिने झालेत आणि दोघांनाही एवढ्यात मूल नको आहे. कंडोमचं पाकीट कपाटाच्या खणात, कपड्यांखाली आहे. ऐन वेळी तो उठतो, दिवा लावतो, खण उपसतो. तेलकट बोटांनी पाकीट फाटत नाही. फाटलं तर गुंडाळीची बाजू कळत नाही. उलटी बाजू टेकवल्यावर कंडोम उलगडत नाही, तेव्हा तो तोच पलटून पुन्हा लावतो. हे करू नये, कारण आधीच पाझरलेला स्राव आता बाहेरच्या बाजूला आलेला असतो. तो टाकून नवा घ्यायला हवा. एव्हाना ताठरता निम्म्यावर आलेली असते. अर्धवट ताठ लिंगावर रबर नीट उलगडत नाही, मग घाई होते आणि उरलंसुरलंही जातं. बायको काही बोलत नाही, पण तो तिच्या गप्प राहण्याचा अर्थ लावत बसतो. पुढच्या वेळी पाकीट दिसताच ही आठवण जागी होते. तिसऱ्या वेळी दोघं म्हणतात, ‘आज राहू दे, नको कंडोम.’ खरं नुकसान तिथे होतं: ताठरता वाचवायला संरक्षण सोडलं जातं, किंवा कंडोम उशिरा चढवला जातो आणि लवकर काढला जातो.

यावरचा पहिला उपाय एकट्याने करायचा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या किन्से इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी पुरुषांना वेगवेगळ्या प्रकारचे कंडोम आणि वंगण देऊन घरी, जोडीदाराविना, निवांतपणे सराव करायला सांगितलं. लक्ष सुखाकडे ठेवायचं, एवढीच सूचना महत्त्वाची. आपल्या तरुणानेही हेच करावं. हस्तमैथुनाच्या वेळी पूर्ण ताठरता आल्यावर कंडोम चढवावा आणि तो तसाच ठेवून पुढे जावं. ढिलं पडलं तर पडू द्यावं, घाबरून काढू नये. कंडोमवरूनच स्पर्श करत राहावं. ताठरता परत येते हे शरीराला स्वतः अनुभवूनच कळतं, समजावून नाही. दोन-चार वेळा मंद उजेडात, नुसत्या बोटांच्या स्पर्शावर चढवून पाहावा. गुंडाळलेली कडा बाहेरच्या बाजूला असली की कंडोम सहज खाली उतरतो. अडला तर बाजू चुकली. अग्रत्वचा असेल तर ती आधी मागे ओढून घ्यावी, म्हणजे खाली ताण येत नाही. हात सरावला की डोळ्यांना आणि मनाला दुसरीकडे लक्ष देता येतं.

सरावातच माप कळतं. बहुतेक कंडोमच्या पाकिटावर रुंदी मिलिमीटरमध्ये छापलेली असते. ती सपाट ठेवलेल्या कंडोमची असते. ताठ लिंगाचा घेर शिवणकामाच्या टेपने मधोमध मोजावा. घेर ११ ते १२ सेंटिमीटर असेल तर ५२-५३चा सर्वसाधारण कंडोम बहुधा जमतो. घेर जास्त असेल तर ५६चा आणि कमी असेल तर ४९चा करून पाहावा. मुळाशी करकचून आवळणारा कंडोम बेचैन करतो, तर सैल कंडोम निसटेल म्हणून पुरुष ताठरतेवर पहारा देत बसतो. दुकानात ‘जास्त वेळ टिकणारा’ म्हणून मिळणारे काही कंडोम इथे घेऊ नयेत. त्यांत बेन्झोकेनसारखं बधिर करणारं औषध असतं. शीघ्रपतनावर त्याचा उपयोग असेल, पण संवेदना कमी पडल्यामुळे ताठरता जात असेल तर ते उलटंच काम करतं.

त्यापेक्षा पातळ कंडोम घ्यावा, चढवण्याआधी टोकाच्या आतल्या बाजूला पाण्यावर आधारित जेलचा एक थेंब टाकावा आणि बाहेरून सढळ लावावं. आतल्या थेंबाने संवेदना बरीच सुधारते. तो एकच असावा, जास्त झालं तर कंडोम सरकतो. आपल्याकडे हात सहज खोबरेल तेलाकडे किंवा पेट्रोलियम जेलीकडे जातो, पण तेल लेटेक्सला काही मिनिटांतच कमकुवत करतं आणि कंडोम फाटू शकतो.

आता दोघांविषयी. कंडोम उशाशी ठेवावा, उठायची वेळ येऊ नये. तो अगदी शेवटच्या क्षणी न चढवता पूर्ण ताठरता आल्यावर, पण संबंध सुरू होण्याच्या बऱ्याच आधी चढवावा आणि नंतरही काही मिनिटं चुंबनं, कुरवाळणं चालू ठेवावं. बायकोने, तिची इच्छा असेल तर, आपल्या हाताने चढवला तर स्पर्श तुटतच नाही. पण आधी दिवसाउजेडी, शांतपणे तिला सगळं सांगायला हवं. कारण तिलाही बहुधा वाटत असतं की आपण आवडेनाशा झालो. संबंधाच्या मधेच ढिलं पडलं तर कंडोमची कडा मुळाशी धरून बाहेर यावं, तो तसाच पुढे रेटू नये. निसटण्याचा धोका तेव्हा जास्त असतो. नंतर इच्छा असेल तर नवा कंडोम घेऊन पुन्हा सुरुवात करता येते.

एक खूण मात्र लक्षात ठेवा. सकाळी जाग येताना आणि एकट्याने ताठरता नीट येत असेल, तर रक्तवाहिन्या बहुधा ठीक आहेत आणि वरचे उपाय करून पाहण्यासारखे आहेत. तिथेही ती काही आठवडे कमी पडत असेल, तर मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा चालू असलेली औषधं यांचा संबंध असू शकतो. अशा वेळी डॉक्टरांकडे जाऊन तपासण्या करून घ्या. मित्राने दिलेली सिल्डेनाफिलची गोळी परस्पर घेऊ नका. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधं चालू असताना ती घेतली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका खाली येऊ शकतो.