दुकान मिटल्यानंतरचे पत्र

‘दुकान मिटले’ आणि ‘दिवाळे निघाले’ हे दोन शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. ज्याला घेतलेले परत देता येत नाही त्याचे दिवाळे. ज्याने देणे चुकते करून दाराला कुलूप घातले त्याचे दुकान मिटले, एवढेच. पहिल्यात दुसऱ्याचे नुकसान आहे. दुसऱ्यात झालेच तर स्वतःचे. परंतु लोकांची नजर दोघांकडे सारखीच वळते, आणि त्याहून वाईट म्हणजे दुकान मिटणारा स्वतःही आपल्याकडे त्याच नजरेने पाहू लागतो.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा पुण्यात लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि बिलबुके ही त्याची मुख्य कामे. अकरा वर्षे चालवून त्याने तो बंद केला. त्यानंतर कित्येक महिने तो अप्पा बळवंत चौकातून जाईनासा झाला. कारण तेथे ओळखीचे कागदवाले भेटत, आणि ‘काय, धंदा कसा काय?’ या प्रश्नाला द्यावयाचे उत्तर त्याजपाशी नव्हते. एके दिवशी आमच्याकडे येऊन तो म्हणाला, “सर, नोकरी शोधायची आहे. पण ओळखीच्यांना कळवायचे कसे? भीक मागितल्यासारखे वाटते.”

आम्ही त्यास प्रथम एकच विचारले : ज्यांना तू लिहिणार, त्यांपैकी कोणाचे देणे राहिले आहे काय? हा प्रश्न व्यवहाराचा वाटेल, परंतु नीतीचे मूळ येथेच आहे. ऋणकोने धनकोला कामासाठी शिफारस मागणे आणि देण्याविषयी मूग गिळणे यात जी लाज वाटते ती खरी लाज आहे. ती घालवू नये, तिचे म्हणणे ऐकावे. अशा माणसाला जावयाचे पहिले पत्र निराळेच : किती देणे आहे, त्यांपैकी किती आणि कोणत्या तारखेस देऊ शकेन. मदतीची गोष्ट त्यानंतर. या गृहस्थाने मात्र छपाईचे यंत्र ३,४०,००० रुपयांस विकले होते. त्यांतून तिघा कामगारांचे १,३०,०००, कागदाच्या व्यापाऱ्याचे १,९०,००० आणि गिऱ्हाइकांनी दिलेली आगाऊ रक्कम २२,००० अशी वाटणी झाली; कमी पडलेले २,००० घरातून घातले. म्हणजे त्याची लाज कर्जाची नव्हती, केवळ अपयशाची होती. अपयश आणि अपराध यांची गल्लत झाली म्हणजे माणूस अशी निराधार लाज बाळगतो.

त्याने आणलेला मसुदा असा होता : ‘काही वैयक्तिक कारणांमुळे व्यवसाय तूर्त थांबविला असून नव्या संधींच्या शोधात आहे. काही असल्यास कळवावे.’ यात असत्य असे एकही वाक्य नाही, तरी सबंध पत्र खोटे आहे. ‘वैयक्तिक कारणे’ म्हटल्याबरोबर वाचणारा आजार, गृहकलह किंवा लबाडी यांची कल्पना करू लागतो. ‘तूर्त’ हा शब्द तर सरळ फसवा. यंत्र विकले गेले होते. आणि ‘काही असल्यास’ याने सगळा विचार करण्याचे ओझे वाचणाऱ्यावर पडते. काय असल्यास? चांगल्या मनाचा माणूसही असे पत्र वाचून हळहळतो व बाजूला ठेवतो.

पण मग सत्य किती सांगावे? हा प्रश्न सोपा नाही. छापखान्यात त्याच्या मेहुण्याचे भांडवल होते. त्याने ते ऐन अडचणीत काढून घेतले. हे लिहावे काय? आमचे मत नाही असे पडले. ते सत्य एकट्याचे नव्हते. ज्याला उत्तर देण्याची संधी नाही त्याच्याविषयीचे ते सत्य होते. शिवाय दुसऱ्याला दोष देणारे पत्र वाचून मनुष्य मनात म्हणतो, उद्या हा माझ्याविषयीही असेच लिहील. प्रामाणिकपणा म्हणजे सर्व काही ओतून मोकळे होणे नव्हे. वाचणाऱ्याची चुकीची समजूत होऊ न देणे हा आहे. शेवटी पत्र ठरले ते असे :

‘स. न. वि. वि. माझा छापखाना मी ३१ मार्चला कायमचा बंद केला. लग्नपत्रिका मोबाइलवर गेल्या, बिले संगणकावर गेली, आणि ते ओळखण्यास मी दोन वर्षे उशीर केला. कामगार व व्यापारी यांचे देणे पूर्ण दिले आहे. खोकी किंवा लेबले छापणाऱ्या कारखान्यात छपाईची देखरेख अथवा कागदखरेदी असे काम मी शोधीत आहे. अशा कारखान्यात आपल्या ओळखीचे कोणी असल्यास त्यांच्याशी दहा मिनिटे बोलणे घडवून द्याल काय? नसल्यास उत्तर पाठविण्याची तसदी घेऊ नये.’

‘दोन वर्षे उशीर केला’ हे वाक्य लिहिताना तो बराच वेळ अडला. तेच वाक्य पुढे सर्वांत उपयोगी पडले. आपली चूक नेमकी कोठे झाली हे ज्याला सांगता येते, त्याच्या हाती काम देण्यास लोक कमी भितात. शेवटचे वाक्यही मुद्दाम घातलेले आहे. विनंती आणि भीक यांत भेद कोणता, तर नकार देणाऱ्याला अवघड वाटते की नाही, हा. नोकरीच मागितली तर नाही म्हणणे कठीण होते. दहा मिनिटांची गाठ मागितली तर हो म्हणणे सोपे आणि नाही म्हणणेही सोपे.

पत्रे कोणाला लिहावी याविषयीही त्याचा समज उलटा होता. जिवलग मित्र चार, तेवढ्यांनाच सांगावे. बाकीच्यांची इतक्या वर्षांनी आठवण काढणे मतलबीपणाचे, असे त्यास वाटे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावी नोकरी बदललेल्या पुरुषांच्या गाठी घेऊन १९७३ साली एक निबंध लिहिला. ओळखीतून काम मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांनाच ते वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून कळले होते. ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून, २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. नमुना लहान होता, आणि सुशिक्षित नोकरदारांचा होता; तरी कारण पटण्यासारखे आहे. जिवलगांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. दूरचा माणूस दुसऱ्याच वर्तुळात वावरतो. मतलबीपणाचा आक्षेप मात्र आकड्यांनी सुटत नाही. त्याला उत्तर एवढेच की, जुनी जवळीक असल्याचे सोंग आणू नये. ‘आपली आठवण नेहमी येते’ असे न लिहिता ‘आपल्या सोसायटीचा अहवाल सहा वर्षे मी छापीत असे’ एवढे खरे लिहावे.

त्याने एकच मजकूर एकदम सर्वांना न धाडता ४६ जणांना निरनिराळी पत्रे पाठविली. प्रत्येकाच्या आरंभी ओळखीची अशी एक ओळ. उत्तरे आली १९. त्यांतील बहुतेक केवळ सदिच्छेची. तो सोसायटीचा अहवाल छापून घेणारा गृहस्थ, ज्याला तो वर्षातून एकदाच भेटे, त्याच्या बहिणीच्या ओळखीने भोसरीच्या एका खोक्यांच्या कारखान्यात बोलणे झाले. दोन महिन्यांनी तेथेच कागदखरेदीचे काम मिळाले. पगार छापखान्याच्या चांगल्या वर्षांतील मिळकतीहून कमी आहे.

एक उत्तर कडू होते. कोणा गिऱ्हाइकाच्या मुलीच्या पत्रिका तीन वर्षांपूर्वी उशिरा मिळाल्या होत्या, आणि त्याने ते आता उगवून घेतले. आमचा विद्यार्थी ते पत्र घेऊन आला व विचारू लागला, याला काही लिहावे काय? आम्ही म्हटले, पत्रिका खरोखर उशिरा गेल्या होत्या काय? तो म्हणाला, “हो सर, आठ दिवस.” मग आमच्याच टेबलाशी बसून त्याने दोन ओळींचे उत्तर लिहिले, आणि त्यात काम मागितले नाही.