परतभाषांतर आणि शोधयंत्रांची टक्केवारी

एखादा मजकूर दुसऱ्या भाषेत नेऊन तेथून पुन्हा मूळ भाषेत आणणे, या क्रियेला परतभाषांतर म्हणता येईल. प्रश्नावलीचे भाषांतर बिनचूक झाले आहे की नाही हे तपासण्यासाठी सामाजिक शास्त्रांचे संशोधक ही पद्धत अनेक दशके वापरत आले आहेत आणि अर्थ कितपत टिकला हे पाहणे एवढाच तेथे तिचा हेतू असतो. यंत्रनिर्मित लेखनाच्या बाबतीत मात्र तिचा उपयोग वेगळ्याच कारणासाठी होऊ लागला आहे: अर्थ टिकावा, पण शब्दांवरून मजकुराचा उगम ओळखता येऊ नये.

हे कसे साधते हे समजण्यासाठी शोधयंत्र, म्हणजे मजकूर यंत्राने लिहिला की माणसाने हे सांगू पाहणारी प्रणाली, नेमके काय मोजते हे पाहावे लागते. भाषा-प्रारूप प्रत्येक टप्प्यावर पुढच्या शब्दाच्या शक्यता मांडून त्यांतून एक निवडते आणि ही निवड बहुधा जास्त शक्यतेच्या शब्दांकडे झुकलेली असते. माणूस त्या मानाने अधिक अनपेक्षित शब्द वापरतो, या गृहीतकावर बरीच शोधयंत्रे उभी आहेत. अर्थात मोजला जातो तो शब्दांच्या निवडीतील कल, विचार कोणाचा आहे हे नव्हे. परतभाषांतरात सगळे शब्द पुन्हा नव्याने निवडले जातात आणि ही निवड करणारे अनुवादयंत्र मूळ प्रारूपापेक्षा वेगळे असते. इंग्रजी वाक्यात ‘पिव्हटल रोल’ असेल, तर मराठीत त्याची ‘महत्त्वाची भूमिका’ होते आणि परतताना बहुधा ‘इम्पॉर्टंट रोल’ हाती येतो. मराठीत निश्चित उपपद नसल्यामुळे ‘द स्टडी’चे ‘धिस स्टडी’ होऊ शकते आणि क्रियापद शेवटी जाऊन परत आल्याने उपवाक्यांचा क्रमही हलतो. वाक्याचा आशय तोच राहतो, पण शोधयंत्र ज्या खुणा शोधत होते त्या पुसट होतात.

शब्दांत मुद्दाम पेरलेल्या खुणेचेही, म्हणजे जलचिन्हाचेही, असेच होते, आणि तेथे हा परिणाम आकड्यांत मांडता येतो. मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक शब्दखंड निवडण्यापूर्वी आधीच्या शब्दखंडावरून शब्दसंग्रहाचे ‘हिरवे’ आणि ‘लाल’ असे दोन गट पाडले जातात आणि प्रारूपाला हिरव्या गटाकडे किंचित ढकलले जाते. दोन्ही गट समान धरले, तर जलचिन्ह नसलेल्या २०० शब्दखंडांच्या मजकुरात सुमारे १०० हिरवे सापडतील आणि यदृच्छेने होणारा चढउतार सातेकांचा असेल. जलचिन्हित मजकुरात समजा १५० हिरवे आले, तर ती संख्या अपेक्षेपेक्षा सातपट प्रमाण-विचलनाने वर जाते आणि चारपटीची मर्यादा ठेवलेल्या शोधयंत्राला शंका उरत नाही. आता परतभाषांतरानंतर शब्द आणि त्याचा आधीचा शेजारी अशा निम्म्याच जोड्या शाबूत राहिल्या असे मानू. त्या १०० जोड्यांतून ७५ हिरवे मिळतील, उरलेल्या शंभरांतून यदृच्छेने ५०, म्हणजे एकूण १२५. विचलन साडेतीनपटीवर येते आणि मजकूर सुटतो. मजकूर चौपट लांब असेल, तर त्याच प्रमाणात जोड्या टिकूनही विचलन पुन्हा सातपटीवर पोहोचते. म्हणून लांब प्रबंधापेक्षा परीक्षेतले छोटे उत्तर या मार्गाने अधिक सहज निसटते. मजकूर मुळातच एका भाषेत निर्माण करून अंतिम प्रत दुसऱ्या भाषेत दिली, तर जोड्या जवळजवळ उरतच नाहीत; जलचिन्ह भाषांतरात टिकते का, याचा २०२४ मध्ये झालेला अभ्यास याच दुबळेपणावर बोट ठेवतो.

मराठीतून इंग्रजीत आणि पुन्हा मराठीत येणाऱ्या मजकुराची झीज आणखी वेगळी असते. श्रोत्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद इंग्रजीच्या एकाच सर्वनामात विरून जातो आणि परतताना अनुवादयंत्र संदर्भावरून अंदाज करते; ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचेही तसेच होते आणि जोर देणारा ‘च’ अनेकदा गळतो. वाचणाऱ्याला या खुणा जाणवतात, परंतु मराठीसाठी कसून तपासलेली शोधयंत्रे फारशी नसल्यामुळे त्यांची नोंद घेणारे यंत्र सहसा कुणापाशी नसते.

हे सारे दिल्ली राजधानी परिसरात का महत्त्वाचे ठरते, हे सोनीपतच्या ओ. पी. जिंदाल ग्लोबल विद्यापीठातील एका प्रकरणावरून लक्षात येते. २०२४ मध्ये तेथील विधी शाखेच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याचे परीक्षेतील लेखन ८८ टक्के यंत्रनिर्मित असल्याचे ठरवून त्याला अनुत्तीर्ण केले गेले आणि तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला. पुढे विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण ठरवल्यामुळे याचिका निकाली निघाली आणि अशा टक्केवारीला पुरावा मानावे का, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. त्या प्रकरणाचा भाषांतराशी संबंध नव्हता. पण टक्केवारीवर निर्णय बेतण्याची सवय कोठून आली, हे पाहण्यासारखे आहे. दिल्लीस्थित विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने वाङ्मयचौर्याच्या चार पातळ्या ठरवल्या: १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, आणि पुढे ४० व ६० टक्क्यांच्या पायऱ्यांवर शिक्षा वाढत जाते. ते साम्य मात्र तपासता येते, कारण अहवालात मूळ स्रोत समोर असतो आणि परीक्षक दोन्ही परिच्छेद शेजारी ठेवून वाचू शकतो. यंत्रनिर्मितीच्या टक्केवारीमागे असा उघडून पाहण्याजोगा कागद नसतो, तर केवळ एक सांख्यिकीय अंदाज असतो. या दोन आकड्यांना एकाच मापाने वागवणे ही गंभीर चूक आहे.

या चुकीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. दिल्लीत शिकणारा मराठी किंवा हिंदी माध्यमातला संशोधक स्वतःचा विचार मातृभाषेत मांडून तो अनुवादयंत्राने इंग्रजीत आणतो, तेव्हा विचार त्याचा असूनही इंग्रजी शब्दांची निवड यंत्राचीच असते. दुसऱ्याने यंत्राकडून लिहून घेतलेला इंग्रजी मजकूर मराठीतून फिरवून आणला, तर त्याचाही शेवटचा टप्पा नेमका हाच असतो. दोन्ही मजकुरांवर एकाच अनुवादयंत्राची मोहोर उमटलेली असल्यामुळे केवळ अंतिम शब्द पाहणाऱ्या शोधयंत्राला त्यांच्यात फरक करण्याचा आधार उरत नाही. कधी ते दोघांना सोडते, तर कधी दोघांवर ठपका ठेवते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना आधीच किती धोका आहे, हे स्टॅनफर्डच्या २०२३ च्या अभ्यासाने दाखवले होते: टोफेल परीक्षेसाठी माणसांनी लिहिलेल्या ९१ निबंधांवर सात शोधयंत्रे चालवली असता चुकीच्या ठपक्याचे सरासरी प्रमाण ६१ टक्क्यांहून अधिक निघाले, कारण मर्यादित शब्दसंग्रह आणि साधी रचना यांनाच यंत्राची खूण समजले गेले.

परतभाषांतर शब्द बदलते, पण मुद्द्यांचा क्रम, दिलेली उदाहरणे, आकडे, संदर्भ आणि त्यांतील चुका सहसा तशाच ठेवते. अस्तित्वात नसलेल्या निवाड्याचा हवाला दोन भाषा ओलांडूनही खोटाच राहतो आणि तो तपासायला शोधयंत्र लागत नाही. परिभाषेतही खुणा सापडतात: २०२१ मध्ये संशोधक गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधनिबंधांत ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ असे विपरीत प्रयोग शोधून काढले, जे शब्द आपोआप बदलणाऱ्या साधनांतून आल्याचा त्यांचा अंदाज होता. आजची अनुवादयंत्रे रूढ संज्ञा बऱ्यापैकी सांभाळत असल्यामुळे ही खूण विरळ होत आहे. खात्रीचे साधन उरते ते लेखनाच्या प्रक्रियेचे: मातृभाषेतला पहिला खर्डा, टिपणे, सुधारित प्रती आणि तोंडी परीक्षा. ज्याने मराठीत विचार केला त्याच्याजवळ तो मराठी खर्डा असतो आणि त्यावर त्याला मराठीत प्रश्न विचारता येतात; मात्र त्यासाठी परीक्षा घेणाऱ्या विभागाने ती भाषा जाणणारा परीक्षक नेमावा लागतो, आणि अनुवादयंत्र वापरल्याचे प्रांजळपणे नोंदवणाऱ्या विद्यार्थ्याला त्या नोंदीवरूनच दोषी धरले जाणार नाही, असे नियमांत आधीच लिहावे लागते.