नको तिथे 'नक्की', नको तिथे 'कदाचित'

खरीप पुरवणीसाठी दिलेला तुझा मजकूर दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचायची इच्छा उरली नाही.

पहिलंच वाक्य: 'यंदा पाऊस सामान्य राहणार असल्याने शेतकऱ्यांनी निर्धास्तपणे पेरणीचे नियोजन करावे.' आणि खाली चौथ्या परिच्छेदात: 'जमिनीत पुरेशी ओल झाल्यावर पेरणी केल्यास ते कदाचित फायदेशीर ठरू शकते, असे तज्ज्ञांचे मत आहे.' अरे, सगळं उलटं केलंस की! जे या देशात कुणालाच ठाऊक नाही ते छातीठोकपणे सांगितलंस. जे तुला पक्कं ठाऊक आहे तिथे शेपूट घातलीस. कृषीची पदवी घेतलीस ना? घरची कोरडवाहू जमीन आहे ना? ओल नसताना पेरलेलं बी करपतं, हे सांगायला तुला तज्ज्ञ लागतो? कोणता तज्ज्ञ? नाव का नाही? तुझ्या डोक्यात कुणी नव्हताच, म्हणून. अंगावर येऊ नये एवढ्यासाठी 'तज्ज्ञ' पुढे केलास.

आता म्हणशील, 'सर, हवामान विभागानंच सामान्य म्हटलंय.' हे उत्तर मला माहीतच होतं. तो अंदाज तू वाचलास का? की बातमीचा मथळा वाचलास? खरं सांग.

२०२३चा अंदाज काढ. पुस्तकी उदाहरण नाही, तुझ्याच गावानं भोगलेलं वर्ष आहे. एप्रिलमध्ये विभागानं सांगितलं: जून ते सप्टेंबर देशात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस, आणि त्यात ५ टक्के इकडे-तिकडे. सरासरी म्हणजे १९७१ ते २०२०ची, ८७ सेंटिमीटर. आता विभागाच्या भाषेत 'सामान्य' कशाला म्हणतात? ९६ ते १०४ टक्क्यांना. ९० ते ९५ म्हणजे सामान्यपेक्षा कमी. जरा बोटांवर मोज. ९६ हा आकडा 'सामान्य'च्या थेट उंबरठ्यावर आहे. त्यातून ५ वजा कर, ९१ येतात. ५ मिळव, १०१ येतात. म्हणजे सांगितलेल्या पट्ट्याचा जवळजवळ अर्धा भाग 'सामान्यपेक्षा कमी'च्या खान्यात पडत होता. हे कुणी लपवलं नव्हतं, पहिल्या पानावर छापलेलं होतं. पण '५ टक्के इकडे-तिकडे' हे शब्द मथळ्यात मावत नाहीत, म्हणून तुझ्यासारखे ते गिळून टाकतात.

पाऊस किती झाला? ९४ टक्के. अंदाज चुकला का? नाही, पट्ट्यातच होता. चुकले ते मथळे. आणि ९४ हा आकडा शेतकऱ्याच्या काय कामाचा होता तेही बघ. जुलैमध्ये देशात सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त, ऑगस्टमध्ये ३६ टक्के कमी. १९०१पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सप्टेंबरमध्ये पुन्हा १३ टक्के जास्त. बेरीज बरी दिसते. पण सोयाबीनला शेंगा लागायच्या वेळी आभाळ कोरडं असेल तर सप्टेंबरचं पाणी कुणाला पाजायचं? त्या ऑक्टोबरच्या शेवटी राज्य सरकारनं १५ जिल्ह्यांतले ४० तालुके दुष्काळी जाहीर केले. 'निर्धास्तपणे' हा शब्द त्या ४० तालुक्यांत जाऊन मोठ्यानं वाचशील?

आणि तो पट्टा म्हणजे काही दगडी भिंत नाही. २००९च्या एप्रिलमध्येही अंदाज ९६ टक्क्यांचाच होता. पाऊस झाला ७८ टक्के. पट्टा ओलांडून पार खाली गेला. तेव्हा 'एवढा तरी पडेलच' असंही लिहू नकोस.

मग म्हणशील, 'असं असेल तर अंदाज छापायचाच कशाला?' बघ, लगेच दुसऱ्या टोकाला गेलास! अंदाज छापायचा, पण तो जेवढा बोलतो तेवढाच. २०२३ला असं लिहायला हवं होतं: 'देशभराच्या एकूण पावसाचा अंदाज सरासरीच्या ९१ ते १०१ टक्के आहे. आपल्या तालुक्यात किती आणि कधी पडेल, हे यावरून सांगता येत नाही.' दोन वाक्यं. गुळमुळीत आहेत का? अजिबात नाहीत. अनिश्चितता आहे, पण ती किती आणि कशाबद्दल हे ठणकावून सांगितलंय. तुझ्या 'कदाचित', 'शक्यता नाकारता येत नाही' आणि 'जाणकारांच्या मते' यांच्यात एकही आकडा नाही. ते वाचून शेतकऱ्यानं पेरायचं की थांबायचं? तुला तरी कळलं का?

दुसऱ्या पानावर तर कहर केलास. विभागाच्या पत्रकात होतं, 'जिल्ह्यात तुरळक ठिकाणी जोरदार पावसाची शक्यता.' तू लिहिलंस, 'जिल्ह्यात मुसळधार.' 'तुरळक ठिकाणी' हे काय हवेत सोडलेले शब्द वाटले तुला? त्यामागे माप आहे. जिल्ह्यातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर पंचवीस टक्के केंद्रांवर पाऊस, याला 'तुरळक ठिकाणी' म्हणतात. त्याच्या वर 'काही ठिकाणी', पन्नास टक्क्यांपर्यंत. मग 'बऱ्याच ठिकाणी', पंच्याहत्तरपर्यंत. चारातल्या तीन केंद्रांवर तरी जोरदार पाऊस अपेक्षित नाही, असं पत्रक सांगत होतं आणि तू साऱ्या जिल्ह्याला भिजवलंस. भाषा सोपी करत होतास म्हणे! दोन शब्द काढलेस आणि खात्री चौपट केलीस. आकडे बदलले असतेस तर मी पहिल्या वाचनात पकडलं असतं. शब्द असे हळूच निसटतात, म्हणून मूळ पत्रक शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायची असते. ठेवलं होतंस? गप्प का?

आता जिथे ठाम राहायला हवं होतं, तिकडे ये. पेरणी केव्हा करायची? कृषी विभाग आणि परभणीचं विद्यापीठ वर्षानुवर्षं सांगतात: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. का, हे तुला माहीत आहे. पहिल्या सरीनं काळ्या रानाचा वरचा थर भिजतो, खाली कोरडं ढेकूळ तसंच राहतं. बी तीन-चार सेंटिमीटरवर पडतं, ओलीनं फुगतं, उगवतं. मग आठ-दहा दिवस उघडीप झाली की कोवळ्या मुळाला खाली काही सापडत नाही. रोप मान टाकतं. बियाणं गेलं, खत गेलं, मजुरी गेली आणि दुबार पेरणीला पुन्हा सावकाराचं दार. हे 'कदाचित' आहे का? यात तुला शंका आहे? मग 'फायदेशीर ठरू शकते' असा मचूळ शब्द का? 'पेरू नका' लिही. विभक्ती, प्रत्यय, विशेषण काही नको. 'पेरू नका.'

'पण सर, १०० मिलिमीटर होऊनही पुढे तीन आठवडे खंड पडला तर?' हा प्रश्न खरा आहे, आणि मला हवा होता तो हाच. तर पीक जाऊ शकतं. हे लिही. एकदा, त्याच जागी, सरळ शब्दांत: 'एवढ्या ओलीवर पीक साधारण उघडीप सोसतं, फार लांबली तर तेही वाचत नाही.' झालं. सल्ला ठाम राहिला आणि त्याची हद्दही कळली. तू काय केलंस? एका खऱ्या शंकेचं पाणी करून सगळ्या परिच्छेदावर शिंपडलंस. आता कुठलं वाक्य पक्कं आणि कुठलं कच्चं, हे ओळखताच येत नाही.

आणि हे बघ, मला सगळ्यात जास्त चीड कुठे आली. 'घरचे बियाणे वापरत असल्यास त्याची उगवणशक्ती समाधानकारक असू शकते.' असू शकते? ही शंका नाही, आळस आहे. मान्सूनचं कोडं कुणाच्या हातात नाही, पण बियाण्याचं उत्तर तर गोणपाटात आहे. शंभर दाणे मोज. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांड, गुंडाळी कर, सावलीत ठेव, रोज पाणी शिंपड. चार-पाच दिवसांनी उघडून निरोगी कोंब मोज. सोयाबीनला सत्तर किंवा जास्त आले तर शिफारशीप्रमाणे एकरी ३० किलो. साठच आले तर? ३० गुणिले ७०, भागिले ६०. एकरी ३५ किलो. फारच कमी आले तर ते बियाणं पेरायचंच नाही. यात 'कदाचित' बसतो कुठे? जे पाच दिवसांत मोजता येतं, त्याबद्दल शंका व्यक्त करणं म्हणजे नम्रता नव्हे. लिहिणारा न मोजता पैसे घेतो, एवढाच त्याचा अर्थ.

मला माहीत आहे तू असं का लिहितोस. अंदाजाच्या बाबतीत खोटं ठरलं तर हवामान विभागाच्या माथी मारता येतं, म्हणून तिथे छाती काढतोस. पेरणीच्या सल्ल्याखाली तुझं नाव असतं, म्हणून तिथे अंग चोरतोस. वस्तुस्थिती किती पक्की आहे हे तू पाहतच नाहीस. चुकल्यावर शिव्या कुणाला बसतील, तेवढंच पाहतोस. सरावला आहेस याला.

हाच मजकूर दुसऱ्या कुणी आणला असता तर गुपचूप दुरुस्त करून छापला असता. तुझ्यावर एवढा वेळ घालवतोय, कारण तुला यातलं अक्षर न् अक्षर येतं. न येणाऱ्याला रागावत नसतात.

आता उठ. प्रत्येक ठाम वाक्याखाली रेघ मार आणि शेजारी लिही, हे तुला कशावरून कळलं. समासात काही लिहिता आलं नाही तर त्या वाक्याची खात्री एक तर उतरव, नाही तर ते काढ. मग प्रत्येक 'कदाचित'वर ये. हे कुणालाच कळत नाही, की फक्त तू विचारलं नाहीस? कुणालाच कळत नसेल तर किती माहीत नाही ते आकड्यात सांग. तू विचारलं नसशील तर फोन उचल.

आणि एक प्रश्न तू साफ टाळला आहेस. जुलैचा पहिला आठवडा संपत आला, पाऊस झालाय ६० मिलिमीटर, आणि वाचक बांधावर उभा राहून तुझी पुरवणी उघडतो. त्याला काय सांगशील? तिथे पान कोरं आहे. मूग-उडदाचा नाद त्या आठवड्यानंतर सोडायचा, सोयाबीन-तुरीला मात्र अजून थोडे दिवस आहेत, तेव्हा आज थांबायचं, हे तुला येतं. लिहून आण. उद्या सकाळी, छापायला जायच्या आधी.